‘गुरुवारी सौदा नाही’: एका हँडओव्हर नोटचं प्रकरण

सोलापुरात नव्या पेठेलगत एक छोटं कार्यालय आहे. मालकांचं घराणं मूळचं टॉवेल-चादरीचं. कारखाना अजून चालू आहे, पण धाकट्या पिढीनं काही वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशातून निफ्टी फ्युचरमध्ये, म्हणजे निफ्टी निर्देशांकाच्या वायद्यांमध्ये, नियमबद्ध सौदे करायला सुरुवात केली. बाहेरच्या कुणाचा एक रुपयाही त्यात नाही. सौदे माणूस करत नाही, प्रोग्राम करतो. तो मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतो आणि सोलापुरातून त्याच्यावर फक्त लक्ष ठेवलं जातं. या कार्यालयातला हिशेब आणि जोखमीची तपासणी माझ्याकडे आहे.

ही पद्धत ज्यांनी बांधली ते डेव्हलपर, आमचे सर, 2025 च्या उन्हाळ्यात नोकरी सोडून पुण्याला निघाले. त्यांच्या जागी संख्याशास्त्र शिकलेली एक मुलगी आली. मधल्या काही आठवड्यांत सरांनी काम सोपवण्यासाठी तिच्याकरता हँडओव्हर नोट लिहिली. मी ती नोट दोघांसोबत ओळीओळीनं वाचली, आणि पुढच्या महिन्यांत ती कशी कामाला आली तेही पाहिलं. पद्धतीचे आकडे इथे गोल करून दिले आहेत. बाजाराच्या तारखा आणि नियम मात्र जसे आहेत तसेच आहेत.

आधी पद्धत काय होती ते सांगते. सकाळी 9:15 ला बाजार उघडतो. 9:45 पर्यंत निफ्टीच्या चालू महिन्याच्या फ्युचरनं जो वरचा आणि खालचा भाव दाखवला, त्यांच्यामधल्या अंतराला आम्ही ‘पट्टा’ म्हणतो. त्यानंतर पाच मिनिटांची कॅन्डल, म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावांची नोंद, पट्ट्याच्या वर बंद झाली तर खरेदी, खाली बंद झाली तर विक्री. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवणारी ऑर्डर, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. दिवसात एकच सौदा, दुपारी दीडनंतर नवा सौदा नाही, आणि 3:10 ला जे काही असेल ते मोकळं करायचं. पट्टा भावाच्या पाव टक्क्यापेक्षा अरुंद किंवा एक टक्क्यापेक्षा रुंद असेल तर त्या दिवशी बाहेर राहायचं. एका सौद्यात जास्तीत जास्त 30,000 रुपये जातील इतकेच लॉट, म्हणजे ठरलेल्या नगांचे गठ्ठे, घ्यायचे. आणि शेवटचा नियम: गुरुवारी सौदा नाही.

नोटचा पहिला मसुदा जवळपास एवढाच होता. नियम बिनचूक होते, प्रोग्राममधल्या फाइलींची नावं होती, ब्रोकरचा दूरध्वनी क्रमांक होता. त्यावरून कुणीही प्रोग्राम चालू ठेवू शकलं असतं. पण बाजार बदलल्यावर नेमकं काय बदलायचं हे त्यातून कुणालाच कळलं नसतं. पहिल्या बैठकीत नव्या मुलीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, गुरुवारीच का नाही?”

“बॅकटेस्टमध्ये, जुन्या भावांवर पद्धत चालवून पाहिली तेव्हा, गुरुवार तोट्यात दिसत होता.”

“तोट्यात दिसला म्हणून काढला, की काढायला काही कारण होतं?”

सर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “कारण आहे. पण ते मी कुठंच लिहिलेलं नाही, हे खरं.”

त्या संध्याकाळपासून नोट नव्यानं लिहायला घेतली. प्रत्येक नियमाखाली तीन गोष्टी आल्या. नियम का आहे, तो कशावर उभा आहे, आणि तो आधार हलला तर ते कुठे दिसेल. गुरुवारचा नियम त्या तिन्ही कसोट्यांतून गेला. तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून तोच सविस्तर सांगते.

सरांचं कारण एक्सपायरीचं होतं. त्या वेळी निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत गुरुवारी संपायची. त्या दिवशी जवळच्या स्ट्राइकवर, म्हणजे ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावावर, मोठ्या पोझिशन असतात. त्या सांभाळणारे लोक भाव एका बाजूला सरकला की उलट बाजूनं फ्युचर घेतात किंवा विकतात, आणि भाव पुन:पुन्हा त्याच स्ट्राइककडे ओढला जातो. आमची पद्धत पट्टा फुटल्यावर भाव त्याच दिशेनं पुढे जाईल यावर जगते. एक्सपायरीच्या दिवशी पट्टा फुटतो आणि परत आत येतो, असा सरांचा अंदाज होता. अंदाज हाच शब्द त्यांनी नोटमध्ये ठेवला, सिद्धान्त म्हटलं नाही. हा फरक त्यांनी जपला याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

म्हणजे नियमाचा खरा मजकूर ‘एक्सपायरीच्या दिवशी सौदा नाही’ असा होता. गुरुवार ही फक्त त्या काळातली त्याची तारीख. प्रोग्राममध्ये मात्र वार लिहिलेला होता:

```python
if today.weekday() == 3:   # Thursday
    return
```

आणि वेळ अशी होती की हा वारच हलणार होता. सेबीनं 26 मे 2025 च्या परिपत्रकात एक्सचेंजेसना एक्सपायरीसाठी मंगळवार किंवा गुरुवार यांपैकी एकच वार ठेवायला सांगितलं होतं. त्यानुसार 1 सप्टेंबरपासून एनएसईची एक्सपायरी मंगळवारी जाणार होती. शेवटचा गुरुवार 28 ऑगस्ट आणि पहिला मंगळवार 2 सप्टेंबर. जुनी ओळ तशीच राहिली असती तर प्रोग्राम गुरुवारी निष्कारण बसून राहिला असता आणि मंगळवारी, ज्या दिवसापासून त्याला वाचवायचं होतं त्याच दिवशी, पूर्ण आकारानं सौदे करत राहिला असता. कुठेही एरर आली नसती, लॉगमध्ये सगळं हिरवं दिसलं असतं. तोटा हळूहळू साचला असता आणि काही महिन्यांनी ‘पद्धत जुनी झाली’ असं कुणीतरी म्हटलं असतं.

पण नुसता वार बदलण्यापूर्वी मुलीला कारण तपासायचं होतं. अंदाज चुकीचा असेल आणि गुरुवारचा तोटा निव्वळ योगायोग असेल, तर मंगळवारी बाहेर राहून आम्ही आठवड्यातला एक चांगला दिवस फुकट घालवला असता. कसोटी तिनं बाजाराच्या इतिहासातच शोधली. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाले. त्याआधी निफ्टीची एक्सपायरी महिन्यातून एकदाच, शेवटच्या गुरुवारी असायची. म्हणजे कारण एक्सपायरी असेल तर 2019 पूर्वीचे मधले गुरुवार इतर दिवसांसारखेच दिसायला हवेत, आणि दोष वारातच असेल तर तेही वाईट दिसायला हवेत.

इथे सरांनी एक दुरुस्ती सुचवली. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स मे 2016 पासून होते आणि त्यांची एक्सपायरीही गुरुवारीच असायची. बँकांचं निफ्टीतलं वजन मोठं, त्यामुळे 2016 नंतरचे गुरुवार निखळ म्हणता येणार नाहीत. म्हणून तिनं मे 2016 पर्यंतचाच डेटा घेतला. त्यात मधले गुरुवार सोमवार-मंगळवारपेक्षा वेगळे निघाले नाहीत, महिन्याचे शेवटचे गुरुवार मात्र खराब निघाले.

दुसरी कसोटी सुट्ट्यांची. गुरुवारी बाजाराला सुट्टी आली की एक्सपायरी बुधवारी व्हायची. अंदाज खरा असेल तर हे बुधवार खराब असायला हवेत. ते खराब होते, पण असे दिवस इतके थोडे की त्यावरून काही म्हणणं धाडसाचं ठरलं असतं. नोटमध्ये तिनं तसंच लिहिलं: पहिल्या कसोटीचा आधार बरा, दुसऱ्या कसोटीची दिशा तीच पण वजन नाही.

मग ओळ बदलली:

```python
if today == nearest_option_expiry("NIFTY", contracts):
    return
```

दिसायला एवढंच, पण यात एक खड्डा होता आणि तो नोटमध्ये ठळक लिहिलेला आहे. `contracts` म्हणजे रोज सकाळी ब्रोकरकडून उतरवून घेतलेली करारांची यादी. आम्ही सौदा फ्युचरमध्ये करतो, म्हणून सहज हात फ्युचरच्या एक्सपायरीकडे जातो. पण निफ्टीचं फ्युचर मासिक असतं. त्यावरून तारीख काढली तर महिन्यातला एकच दिवस वगळला जातो आणि बाकीच्या साप्ताहिक एक्सपायऱ्यांना प्रोग्राम बिनधास्त सौदे करतो. तारीख ऑप्शन्सच्या यादीतूनच घ्यायला हवी. शिवाय यादी त्या दिवशी उतरलीच नाही तर? सरांनी पर्याय दिला होता की आदल्या दिवशीची यादी वापरावी. मुलीनं तो नाकारला. यादी नसेल तर त्या दिवशी सौदा नाही आणि माझ्या फोनवर संदेश. एका दिवसाचा सौदा बुडणं परवडतं, चुकीच्या दिवशी केलेला सौदा मागे घेता येत नाही.

नव्या ओळीची पहिली खरी परीक्षा दिवाळीत झाली. 21 ऑक्टोबर 2025 ला मंगळवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी होती, म्हणून एक्सपायरी सोमवारी, 20 तारखेला आली. प्रोग्राम सोमवारी स्वतःहून बाहेर राहिला. पण त्याच मंगळवारी दुपारी 1:45 ते 2:45 मुहूर्ताचे सौदे होते, आणि नोटमध्ये दुसऱ्या एका गृहीतकाखाली आधीच लिहून ठेवलं होतं: ‘दिवस 9:15 ला सुरू होतो असं प्रोग्राम धरून चालतो. मुहूर्त, शनिवारची विशेष सत्रं आणि तत्सम दिवशी तो हातानं बंद करा.’ आदल्या संध्याकाळी तिनं तो बंद केला आणि नोंदवहीत सही केली. सुट्ट्यांच्या यादीवरून हेही आपोआप करता आलं असतं. पण वर्षातून इतक्या क्वचित येणाऱ्या दिवसांसाठी माणसानं यादी पाहणंच सरांना जास्त भरवशाचं वाटत होतं, आणि मलाही तसंच वाटतं.

आता लॉटचा भाग. नोटमधली ही सगळ्यात कमी चमकदार नोंद, पण रोजच्या हिशेबात तीच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

निफ्टीचा लॉट कायम एक राहिलेला नाही. 2021 मध्ये तो 75 वरून 50 झाला, 2024 च्या एप्रिलमध्ये 25 आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पुन्हा 75. सरांच्या बॅकटेस्टनं या भानगडीत न पडता एक-एक नग घेता येतो असं धरलं होतं. संशोधनासाठी ते ठीक आहे, कारण त्यात पद्धत स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात मात्र लॉट अर्धा घेता येत नाही.

निफ्टी 25,000 आणि पट्टा 150 अंकांचा धरा. स्टॉपलॉस लागला तर 75 च्या एका लॉटमागे 11,250 रुपये जातात. मर्यादा 30,000, म्हणजे दोन लॉट, आणि प्रत्यक्ष जोखीम 22,500. पट्टा बरोबर 200 अंकांचा असेल तर एका लॉटला 15,000, दोन लॉट आणि मर्यादा पुरेपूर वापरली जाते. पट्टा 201 चा झाला की दोन लॉट बसत नाहीत, एकच घ्यावा लागतो, आणि जोखीम निम्म्यावर येते. एका अंकानं पोझिशन अर्धी! लॉट 25 चा होता तेव्हा त्याच 150 अंकांच्या पट्ट्याला आठ लॉट घेता येत होते आणि मर्यादेचे 30,000 पूर्ण कामाला लागत होते.

याचा परिणाम असा की 75 च्या लॉटवर आमचा रुपयांतला नफा बॅकटेस्टपेक्षा कायम कमी दिसायचा, पद्धत तशीच असली तरी. नवा माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवील, घाबरेल आणि नियमांना हात घालील. सरांनी म्हणूनच लिहिलं: ‘तुलना रुपयांत करू नका, अंकांत करा. अंकांतला सरासरी नफा बॅकटेस्टच्या जवळ असेल आणि रुपयांतला कमी असेल तर दोष लॉटचा. अंकांतलाही कमी झाला तर दोष पद्धतीत किंवा खर्चात शोधा.’ तेव्हापासून माझ्या महिन्याच्या तक्त्यात दोन्ही स्तंभ असतात. मालकांना रुपयांचा स्तंभ पाहायचा असतो, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण पद्धतीबद्दलचा निर्णय अंकांच्या स्तंभावरून होतो.

पुढे एनएसईनं लॉट 75 वरून 65 करायचं जाहीर केलं. 30 डिसेंबर 2025 च्या एक्सपायरीनंतरच्या करारांना हा आकार लागू झाला. मुलीनं नोट काढून लगेच हिशेब मांडला. 150 अंकांच्या पट्ट्याला एका लॉटमागे 9,750, म्हणजे आता तीन लॉट बसतात. आधी दोन लॉटचे 150 नग होते, आता तीन लॉटचे 195. लॉट लहान झाला आणि आमची पोझिशन तीस टक्क्यांनी मोठी झाली, तीही कुणी एक अक्षर न बदलता. जोखीम मर्यादेतच राहते, पण मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, जास्त लागतं आणि वाईट महिन्यात घसरण आधीपेक्षा खोल दिसते. हे मालकांना डिसेंबरमध्येच कागदावर दाखवलं. जानेवारीतल्या पहिल्या तोट्यानंतर दाखवलं असतं तर ते समजावणं फार अवघड झालं असतं.

आता माहीत असलेल्या कमजोऱ्या. या भागात सरांनी हात आखडता घेतला नाही. त्यातल्या दोन सांगते.

पहिली स्टॉपलॉसची. आमची ऑर्डर एक्सचेंजकडे ठेवलेली असते, पण ती लिमिटची असते. ट्रिगरपासून दहा अंकांपर्यंत भाव मिळाला तर ती भरते, भाव त्याहून पलीकडे उडी मारून गेला तर तशीच लटकते आणि पोझिशन उघडी राहते. सकाळीच खळबळ असेल तर पट्टा एक टक्क्याच्या पुढे जातो आणि आम्ही मुळात आत शिरतच नाही. धोका शांत सकाळ आणि अचानक दुपार याचा आहे. सरांनी उदाहरण दिलं 4 मे 2022 चं. कोणतीही बैठक जाहीर नसताना रिझर्व्ह बँकेनं दुपारी दोनच्या सुमाराला रेपो दर 0.40 टक्क्यांनी वाढवला आणि निफ्टी दिवसअखेर दोन टक्क्यांहून जास्त खाली आला. त्या दिवशी खरेदीची पोझिशन असलेल्या कुणाचीही लिमिटची स्टॉप ऑर्डर मागे राहू शकत होती. नोटमधला उपाय असा: ट्रिगर लागून पंधरा सेकंदांत ऑर्डर भरली नाही तर प्रोग्राम ती रद्द करतो आणि बाजारात मिळेल त्या भावाच्या आसपास नवी ऑर्डर टाकतो. त्या पंधरा सेकंदांत किती जाईल याला मर्यादा नाही. 30,000 हा आकडा म्हणजे नेहमीच्या दिवसाचा अंदाज आहे, हमी नव्हे, हे त्यांनी मालकांसाठी वेगळ्या ओळीत लिहिलं.

दुसरी कमजोरी 3:10 ची. बाजार 3:30 ला बंद होतो आणि त्याआधी आम्ही बाहेर पडतो, हे इतकं साधं वाटतं की त्याला कुणी गृहीतक म्हणतच नाही. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसईचे व्यवहार तांत्रिक बिघाडानं सकाळी 11:40 च्या सुमाराला थांबले, दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले आणि संध्याकाळी पाचपर्यंत चालले. आजचा प्रोग्राम त्या दिवशी काय करील? 3:10 ला तो बाहेर पडायची ऑर्डर टाकील, ती नाकारली जाईल, 3:30 पर्यंत तो पुन:पुन्हा प्रयत्न करील आणि मग दिवस संपला असं समजून स्वतःला बंद करील. पंधरा मिनिटांनी बाजार उघडेल तेव्हा पोझिशन उघडी आणि राखायला कुणी नाही.

यावर प्रोग्रामची दुरुस्ती सोपी होती आणि ती केली: पोझिशन शून्य झाल्याची खात्री ब्रोकरकडून मिळेपर्यंत तो बंद होत नाही. पण नोटमध्ये माणसाचं कामही लिहिलं आहे. बाजार थांबला तर कार्यालयातल्या माणसानं ब्रोकरच्या डेस्कला फोन करायचा आणि एक्सचेंजचं पुढचं वेळापत्रक येईपर्यंत जागा सोडायची नाही. दुसऱ्या एक्सचेंजवर उलट सौदा टाकून बचाव करायचा मोह आवरायचा. पहिला बाजार कधी उघडेल हे माहीत नसताना असा सौदा टाकला की एकाऐवजी दोन पोझिशन सांभाळाव्या लागतात.

इथून नोट आमच्या गावात येते. ‘9:10 ते 9:50 आणि 3:00 ते 3:15 या वेळांत पडद्यासमोर माणूस असतो’ हेही एक गृहीतकच आहे. सोलापुरात वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, इंटरनेट गेलं तर दोन फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. पण संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, नव्या पेठेकडे यायचे रस्ते बंद होतात आणि अर्धं कार्यालय मिरवणुकीत असतं. मुंबईचा बाजार मात्र यात्रेसाठी थांबत नाही. त्या दिवसांत लक्ष घरून कोण ठेवणार, ब्रोकरला फोन करायचा अधिकार कुणाला, हे नोटमध्ये लिहिलं आहे. बाहेरच्या गावात बसून लिहिलेल्या नोटमध्ये हे कधीच आलं नसतं.

नोटच्या शेवटच्या पानांवर सरांनी करून पाहून सोडून दिलेल्या गोष्टींची यादी दिली. बहुतेक डेव्हलपर हे लिहीत नाहीत, आणि नव्या माणसाचे महिने त्यातच जातात. पट्टा 15, 30, 45 आणि 60 मिनिटांचा घेऊन पाहिला. 15 मिनिटांत सौदे वाढतात आणि खर्च नफा खातो, 60 मध्ये उशीर होतो. 30 आणि 45 जवळपास सारखे. बाजाराची अस्थिरता दाखवणाऱ्या व्हिक्सची चाळणी लावून पाहिली, नफ्यासोबत सरकणारा स्टॉपलॉस लावून पाहिला, दोन्ही सोडले. सगळे मिळून चाळीसच्या आसपास प्रकार तपासले असं त्यांनी लिहिलं, आणि पुढे हे वाक्य जोडलं: ‘इतक्यांतून निवडलेल्या एकाचा बॅकटेस्ट खऱ्यापेक्षा चांगला दिसणारच. माझ्या आकड्यातला निम्मा नफा मिळाला तरी पद्धत चालते आहे असं समजा.’

खर्चाचा धागाही इथेच येतो. नोट लिहिली तेव्हा 25,000 च्या भावानं 75 चा लॉट म्हणजे 18.75 लाखांचा सौदा होता. ऑक्टोबर 2024 पासून मार्च 2026 पर्यंत फ्युचरच्या विक्रीवर एसटीटी हा व्यवहारावरचा कर 0.02 टक्के होता, म्हणजे लॉटमागे 375 रुपये, अर्थात पाच अंक. त्याआधी तो 0.0125 टक्के होता, तेव्हा हेच तीन अंकांच्या थोडं वर जायचं. ब्रोकरेज, एक्सचेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी मिळून आणखी दोनेक अंक, आणि स्लिपेज येता-जाता दोन-दोन. तेव्हा एकूण अकरा अंक व्हायचे. सरासरी सौदा खर्चाआधी वीसच्या आतबाहेर अंक देतो. सरांनी रेघ आखली आहे: खर्च पंधरा अंकांच्या वर गेला, मग तो कराने जावो की स्लिपेजने, तर पद्धत थांबवायची आणि मालकांशी बोलायचं. स्लिपेज मोजायचं कसं, तर सिग्नलच्या कॅन्डलचा बंद भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक, तीन महिन्यांची सरासरी. तो तक्ता आता मी ठेवते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो नव्या मुलीनं नोटमध्ये स्वतःच्या हस्ताक्षरात जोडला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये एनएसई मंगळवारी गेली तेव्हा बीएसई गुरुवारी आली. सेन्सेक्सच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत आता गुरुवारी संपते. सेन्सेक्समधले बहुतेक वजनदार शेअर निफ्टीतही आहेत, दोन्ही निर्देशांक हातात हात घालून चालतात. एक्सपायरीला भाव स्ट्राइककडे ओढला जातो हे कारण खरं असेल, तर सेन्सेक्सची ओढ निफ्टीलाही जाणवायला हवी, आणि मग गुरुवार आमच्यासाठी मोकळा झाला असं म्हणता येत नाही.

सरांना तिनं फोन करून विचारलं. ते म्हणाले, “माझ्याकडे याचं उत्तर नाही. पण डेटा जमेपर्यंत पूर्ण आकारानं जाऊ नका.”

त्याप्रमाणे गुरुवारी आम्ही एकच लॉट घेतो, पट्टा कितीही अरुंद असला तरी. प्रत्येक गुरुवारची नोंद वेगळ्या पानावर होते: पट्टा किती, फुटला कधी, परत आत आला का, आणि त्या वेळी सेन्सेक्स सगळ्यात जवळच्या स्ट्राइकपासून किती दूर होता. वर्षभरात असे पन्नासेक गुरुवार जमतील, त्यातले सौदे त्याहून कमी. एवढ्यावर निकाल लागेलच असं नाही, हेही तिनं खाली लिहून ठेवलं आहे. सप्टेंबर 2026 मध्ये ते पान मालकांसमोर ठेवायचं ठरलं आहे.